गोडाऊनचा विमा, चौदा रोल आणि तेवीस सिलिंडर

आमचं गोडाऊन इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला आहे, साधारण तीन हजार फुटांचं, पत्र्याचं छप्पर, भाड्याचं. माल म्हणजे पॅकिंग मटेरियल. शेव, मिक्स्चर, चिवडा बनवणारे जे छोटे-मध्यम लोक आहेत त्यांना आम्ही छापलेले लॅमिनेटचे, म्हणजे पाकिटांच्या प्लास्टिकचे, रोल, पुठ्ठ्याची खोकी आणि टेप देतो. सासऱ्यांनी सियागंजात एका गाळ्यात सुरू केलं होतं, 2019 ला जागा पुरेना म्हणून इकडे आलो. मी आधी एका शाळेत होते, नंतर हिशेब बघायला लागले आणि हळूहळू विमा-बिमा, बँक, जीएसटी सगळं माझ्या गळ्यात आलं, कारण नवऱ्याला आणि दिराला कागद दिसला की कामं आठवतात.

तर मागच्या मे महिन्यात रात्री अडीचला चौकीदाराचा फोन. आमच्या रांगेत चार शटर सोडून एका फोमच्या गोडाऊनला आग लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा बंब आलेले, सगळ्या गल्लीत काळा धूर आणि तो फोम जळल्याचा वास, जो कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. आमच्यापर्यंत आग आली नाही. नवरा आणि दीर शटर उघडून रोल बाहेर काढायचे की नाही यावर भांडत होते आणि मी फोनमध्ये पॉलिसीची पीडीएफ शोधत होते. सापडली. उघडली. पहिल्याच पानावर जोखमीचा पत्ता: सियागंज.

पाच वर्षं आम्ही रिकाम्या गाळ्याचा विमा भरत होतो! गाळा तर कधीच दुसऱ्याला दिलेला. झालं असं होतं की मालावरच्या कर्जाचं सीसी लिमिट घेताना बँकेने स्वतःच पॉलिसी काढून दिली, तेव्हाचा पत्ता घातला, मग दर वर्षी प्रीमियम खात्यातून आपोआप कटत गेला आणि आम्ही समजत होतो की बँकेने केलंय म्हणजे बरोबरच असणार. बँकेला पत्ता बदलल्याचं पत्र दिलेलं होतं, त्याची पोच पण आहे, पण ते पत्र कर्जाच्या फाइलला लागलं, विम्याच्या नाही. आगीची पॉलिसी ही माणसाची किंवा धंद्याची नसते, त्या पत्त्यावरच्या मालाची असते. त्या रात्री वाऱ्याने दिशा बदलली असती तर आम्हाला एक रुपया मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी मी विम्याच्या काकांना फोन केला, हे आमच्या रामबागेतल्या जुन्या घराजवळचे, बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ओळखीचे. ते म्हणाले, "ताई, घाबरून आज नुसता पत्ता बदलून घेऊ नका. पत्ता आज बदलूच, पण मला महिनाभर द्या, सगळं उलगडून बघू." पत्त्याचं एंडोर्समेंट, म्हणजे बदलाचा कागद, दोन दिवसांत आलं. आणि मग खरा त्रास सुरू झाला.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, माल किती आहे. मी म्हटलं चाळीस लाख, पॉलिसीत तेवढेच आहेत. ते म्हणाले, कधी? मला प्रश्न कळलाच नाही. मग त्यांनी टॅलीतून दर महिन्याच्या शेवटचा स्टॉक काढायला सांगितला. फेब्रुवारीत 42 लाख. सप्टेंबरच्या शेवटी 80 लाख. कारण उघड आहे, दिवाळीचं नमकीन ऑगस्टपासून पॅक व्हायला लागतं आणि आम्ही राखीपासूनच माल भरतो. म्हणजे वर्षात जेव्हा गोडाऊन गळ्यापर्यंत भरलेलं, वरून रॉकेट उडतायत आणि छप्पर पत्र्याचं, तेव्हाच आमचा विमा निम्मा.

आणि निम्मा विमा म्हणजे निम्मा माल तरी सुरक्षित, असं मला वाटत होतं. तसं नसतं. काकांनी वहीवर मांडून दाखवलं ते तसंच्या तसं देते. समजा सप्टेंबरच्या शेवटी आग लागली, गोडाऊनमध्ये 80 लाखांचा माल, त्यातला 30 लाखांचा जळला. विमा 40 लाखांचा. आपण म्हणणार, 30 तर 40 च्या आत आहे, पूर्ण द्या. कंपनी म्हणणार, तुम्ही 80 च्या मालाचा 40 चा विमा घेतला, म्हणजे अर्धी जोखीम तुम्ही स्वतःच उचललीत, तेव्हा नुकसानही अर्धं तुमचं. 30 गुणिले 40 भागिले 80, हातात 15 लाख. याला ते ॲव्हरेज लावणं म्हणतात. आता 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांना जी ठरावीक पॉलिसी मिळते, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा (एका जागी सगळी मालमत्ता मिळून 5 कोटींपर्यंत असेल तर ही), तिच्यात 15 टक्क्यांपर्यंत कमी पडलं तर कापत नाहीत. म्हणजे 80 ला 70 चा विमा असता तर पूर्ण पैसे आले असते. पण 66 चा असता तर 15 च्या वर गेलं, आणि मग वरचे अडीच टक्केच नाही तर पूर्ण साडेसतरा टक्के कापले जातात. काठावरचं गणित आहे, तिथे उभंच राहू नये.

मग 80 चा घ्यायचा ठरलं, तर काका म्हणाले, थांबा, हे 80 जीएसटी धरून की सोडून? सोडून, अर्थात. आम्ही खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतो, म्हणजे विक्रीवरच्या करातून तो वळता करतो, त्यामुळे टॅलीत स्टॉक करावेगळाच दिसतो. आमच्या सीएला फोन लावला. त्याने सांगितलं की जळलेल्या, चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, कायद्यात 17(5)(एच) म्हणून कलमच आहे. म्हणजे माल जळला तो जळला, वर सरकारला क्रेडिट परत भरा. लॅमिनेटवर 18 टक्के. 30 लाखांचा माल जळला तर 5 लाख 40 हजार खिशातून, आणि विमा करावेगळ्या रकमेचा असेल तर कंपनी म्हणणार, हा कर तुमच्या विम्यात धरलेलाच नव्हता. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, बँकेने तर नाहीच. तर 80 वर 18 टक्के, 94 लाख 40 हजार होतात, आम्ही 95 चा काढला आणि पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये मालाच्या वर्णनात जीएसटीसह असं लिहून घेतलं. प्रीमियम वाढला, पण पाच आकडीच राहिला. दिवाळीला ट्रकवाल्यांना जे जास्तीचं भाडं देतो त्यापेक्षा कमी.

(ज्यांचा माल वर्षभर फारच खालीवर होतो त्यांना दर महिन्याला स्टॉक कळवायची डिक्लेरेशन पद्धत असते. आम्हाला ती परवडली नाही, पैशाने नाही, शिस्तीने. दर महिन्याला न चुकता कळवणं आमच्याकडून झालं नसतं.)

आता एक लाजेची गोष्ट. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, ते मुनीमजी बनवतात. मुनीमजी बाबांच्या वेळचे, माणूस सोन्यासारखा, पण त्यांना एवढंच माहीत की स्टॉक कमी दाखवला तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, कमी होते. म्हणून फेब्रुवारीत टॅलीत 42 आणि बँकेत 60. मी विचारलं तर म्हणाले, "बहूजी, सब ऐसे ही करते हैं." करत असतील. पण आग लागल्यावर नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर दोन्ही कागद मागवतो. तो आधीच्या ताळेबंदातला स्टॉक घेतो, त्यात खरेदी मिळवतो, विक्रीतून नफा काढून मूळ किंमत वजा करतो आणि आगीच्या दिवशी माल किती असायला हवा ते काढतो. ते टॅलीशी जुळतं, बँकेच्या कागदाशी जुळत नाही. मग दोनातला खोटा कोणता, या वादात क्लेम वर्षभर लटकतो. त्या जूनपासून बँकेला खरा आकडा जातो. लिमिट दोन महिने आवळलं गेलं, नवरा माझ्याशी आठवडाभर नीट बोलला नाही, नंतर बोलायला लागला.

फॉर्म भरतानाची पण एक गंमत. जुन्या प्रपोजल फॉर्ममध्ये "24 तास चौकीदार" वर बरोबरची खूण होती. कुणी केली माहीत नाही, सही माझ्या नवऱ्याची. आमच्याकडे चौकीदार आहे पण तो अख्ख्या गल्लीचा, अकरा गोडाऊनवाले मिळून त्याला पगार देतात आणि तो रात्री नऊला येतो. म्हणजे हे चक्क खोटं, आणि क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात दिलेलं कोलीत. काकांनी नव्या फॉर्ममध्ये जसं आहे तसं लिहिलं: रात्रीचा चौकीदार, गल्लीत सामाईक. मालाच्या वर्णनात पण "पॅकिंग मटेरियल" एवढंच होतं, तिथे प्लास्टिक लॅमिनेट, पुठ्ठा आणि चिकटटेप असं लिहिलं. थोडा रेट वाढला. वाढू दे.

कंपनीने एक इंजिनियर पाठवला बघायला. तरुण मुलगा, आला आणि सरळ मीटरच्या बोर्डाकडे गेला. बोर्डासमोर आम्ही रोल रचले होते, कारण जागा होती! त्याने एक मीटर मोकळं ठेवायला लावलं आणि जमिनीवर पिवळा पट्टा मारायला सांगितला. वरच्या थप्पीला जवळजवळ टेकलेला एक हॅलोजन होता तो काढायला लावला. रात्री मेन बंद करता का विचारलं, तर करत नव्हतो, कारण मेन बंद केला की सीसीटीव्ही बंद. तर सीसीटीव्हीची वेगळी लाइन काढली, साडेचार हजार लागले, आणि आता शटर लावणारा मेन पाडूनच निघतो. आणि डीव्हीआर! तो गोडाऊनमध्येच टेबलावर होता. आग लागली तर तो जळणार, चोर आला तर तो आधी तोच नेणार. आता रेकॉर्डिंग घरी पण येतं.

चोरीवर येते. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी चोरी झालेली, म्हणून हा विषय माझ्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. सकाळी गोडाऊन उघडलं, कुलूप जसंच्या तसं, शटर ठीक, आणि आतले चौदा रोल नाहीत. एकेक रोल पंचवीस-तीस किलोचा, म्हणजे गाडी लावून आरामात नेलेले. आम्ही एफआयआर केला, कंपनीला कळवलं, सर्व्हेअर आला, त्याने कुलूप उलटसुलट करून बघितलं, फोटो काढले, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं की क्लेम बसत नाही. मी तेव्हा त्या कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. आता पॉलिसी वाचल्यावर कळतं की शिव्या वाया गेल्या.

घरफोडीच्या पॉलिसीत चोरी म्हणजे नुसती चोरी नाही. आत शिरताना किंवा बाहेर पडताना जोरजबरदस्ती झालेली हवी आणि तिची खूण दिसली पाहिजे. कुलूप तोडलेलं, पत्रा कापलेला, शटर वाकवलेलं. किल्लीने उघडून नेलं तर ते बसत नाही, किल्ली दमदाटीने हिसकावलेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि आपल्याच माणसाने नेलं तर तेही नाही. आमच्या चौदा रोलांत बहुतेक दोन्ही होतं, कारण आधीच्या महिन्यात काम सोडून गेलेल्या एका हम्मालाकडे एकदा दुपारभर किल्ली होती. सिद्ध काही झालं नाही, शेवटी पोलिसांनी खात्मा लावला, म्हणजे तपास बंद केला.

आणि लोकांचा एक मोठा गैरसमज, माझा पण होता, की आगीच्या पॉलिसीत चोरी येते. येते, पण फक्त आग, पूर, दंगल असं काही झाल्यावर त्या गोंधळात सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या रात्रीची नाही. तिच्यासाठी वेगळीच पॉलिसी लागते.

ती आम्ही घेतली, फर्स्ट लॉस पद्धतीने. याचा अर्थ असा की 80 लाखांचे रोल कुणी एका रात्रीत नेऊ शकत नाही, त्याला चार ट्रक आणि वीस माणसं लागतील. तर पूर्ण किंमत कंपनीला सांगायची पण विमा तिच्या 25 टक्क्यांचा, आमचा 20 लाखांचा. पूर्ण किंमत मात्र खरी सांगायची, ती कमी सांगितली तर इथेही तेच कापाकापीचं गणित लागतं. आपल्याच माणसांनी केलेल्या चोरीसाठी फिडेलिटी गॅरंटी म्हणून वेगळी असते, ती मुनीमजी, दोन डिलिव्हरीवाले आणि गोडाऊन सांभाळणाऱ्या मुलासाठी घेतली. हम्माल त्यात येत नाहीत, ते रोजंदारीचे, आमच्या पगारपत्रकावर नाहीत. म्हणजे जिथे भोक आहे तिथे विमा नाहीच. तिथे मग साधा उपाय, किल्ल्या दोनच, एक दिराकडे एक माझ्याकडे, आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी कुलूप बदलायचं. साडेसहाशे रुपयांचं कुलूप आहे. या वर्षात तीनदा बदललं. दीर म्हणतो, "वहिनी, आपण कुलपांचं दुकान टाकू."

धंदा बंद पडल्यावर जे नुकसान होतं, भाडं, पगार, व्याज, त्यासाठी लॉस ऑफ प्रॉफिटची पॉलिसी असते. ती सहा महिन्यांच्या मुदतीची घेतली. मला तिचं कारण वेगळ्याच गोष्टीतून पटलं. माल बँकेकडे हायपोथिकेट, म्हणजे तारण, आहे, म्हणून आगीच्या क्लेमचा पैसा आधी बँकेच्या हातात जातो. चेक आला की लोनमध्ये जमा, आपण नवा माल कशाने भरणार? त्यासाठी पुन्हा लिमिट मागायचं, आणि माल नसताना लिमिट कोण देतं. तर दोन महिन्यांचा खर्च एफडीत वेगळा ठेवला, सोनं मोडून नाही पण गाडी बदलायची पुढे ढकलून.

जुलैअखेर मला वाटलं झालं, आता निवांत. आणि ऑगस्टमध्ये तिसरंच झालं.

आमचे छापील लॅमिनेट पीथमपूरच्या एका कारखान्यातून यायचे. बारा वर्षांचा संबंध, रेट चांगला, सगळे नव्वद टक्के रोल एकाच ठिकाणाहून. एका सोमवारी डिलिव्हरीवाला रिकामी गाडी घेऊन परत आला, म्हणाला, गेटवर बँकेचं सील आहे आणि नोटीस चिकटवलीय. कर्ज थकलं होतं, बँकेने ताबा घेतला. मालकाचा फोन बंद. आमचे तीन लाख ॲडव्हान्स अडकले, ते तर अडकलेच, पण आत आमचे सिलिंडर होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नमकीनच्या पाकिटावर जे रंगीत छापलेलं असतं ते ग्रॅव्ह्यूर मशीनवर छापतात. प्रत्येक रंगाचा एक जड लोखंडी सिलिंडर असतो, वरून तांब्याचा थर, त्यात डिझाइन कोरलेलं. पाच रंगांचं पाकीट म्हणजे पाच सिलिंडर. ते एकदा बनवले की वर्षानुवर्षं चालतात आणि राहतात मात्र छापणाऱ्याकडेच, कारण तिथेच लागतात. आमच्या पाच गिऱ्हाइकांचे तेवीस सिलिंडर त्या सीलच्या आत. दुसऱ्याकडून छापून घ्यायचं म्हणजे नवे सिलिंडर, आणि त्याच्या आधी डिझाइनची फाइल, जी पण त्यांच्याच संगणकावर.

मी काकांना फोन केला, आता काय मिळेल? ते म्हणाले काहीच नाही. लॉस ऑफ प्रॉफिटची पॉलिसी तेव्हाच उघडते जेव्हा आपल्याकडे विम्यातल्याच कारणाने नुकसान झालेलं असतं. पुरवठादाराची जागा जोडून घेता येते, पण ती सुद्धा त्याच्याकडे आग किंवा तसलं काही लागलं तर. तो कर्जात बुडाला, त्याने भाव दुप्पट केला, किंवा दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा झाला, यातलं काही त्यात नाही. या एका धोक्यासाठी आमच्यासारख्यांना विकत घेण्याजोगा विमाच नाही, ते स्वतःच बांधायचं.

सिलिंडर परत आले का? काही आले. बँकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, आतलं सगळं कर्जदाराचं समजून यादी केलीय, तुमचं आहे तर बिल दाखवा. आणि इथे आम्ही अडकलो. तेवीसपैकी चौदा सिलिंडरची वेगळी बिलं होती, आमच्या नावाने. बाकीच्या नऊचे पैसे आम्ही रोलच्या रेटमध्ये मिसळून दिले होते, किलोमागे थोडे जास्त, कारण तेव्हा ते सोयीचं वाटलं. त्यांचा कागद नाही म्हणजे ते आमचे नाहीत. चौदा सुटायला पाच आठवडे लागले. नऊ आत आहेत. आकडा पण बघा, पुन्हा चौदा, मला आता चौदाची भीती बसलीय.

त्या पाच आठवड्यांत मी तारखा लिहून ठेवल्या, कारण पुढच्या हिशेबाला त्याच लागल्या. नवा छापखाना शोधून डिझाइन नव्याने बनवणं आणि गिऱ्हाइकाकडून मंजुरी, आठ दिवस. सिलिंडर कोरून येणं, दहा दिवस. छपाई, लॅमिनेशन, मग ते चिकटलेले थर पक्के व्हायला क्युरिंगला ठेवणं, मग कापून रोल बनवणं, सात दिवस. पंचवीस दिवस झाले, वर मशीनचा नंबर लागायची वाट धरून पस्तीस. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला महिन्याला 600 किलो लागतात त्याचे सातशे किलो आपल्याकडे कायम पडून हवेत, तेव्हा छापणारा बुडाला तरी त्याचं मशीन थांबणार नाही. सगळ्यांचे नाही ठेवू शकत, पैसा कुठला. ज्या तिघांवर आमचा अर्ध्याहून जास्त धंदा आहे त्यांचे ठेवतो. बाकीच्यांचं काम आता दोन छापखान्यांत वाटलंय, सिलिंडरची बिलं वेगळी, सिलिंडरच्या कडेला आमचं नाव आणि नंबर कोरलेला, आणि चलनावर जातात-येतात. डिझाइनच्या फाइल माझ्याकडे. ॲडव्हान्स एका ऑर्डरच्या वर नाही. रेट किलोमागे दोन-तीन रुपये जास्त पडतो.

आता गंमत बघा. हे जास्तीचे रोल आले कुठे? गोडाऊनमध्येच. म्हणजे पुरवठादाराची भीती कमी करायला गेलो आणि आगीची वाढवली, स्टॉक साधारण नऊ लाखांनी वाढला आणि 95 चा विमा पुन्हा तोकडा. शिवाय आग लागली तर चालू माल आणि राखीव माल दोन्ही एकाच छपराखाली जाणार, मग तो राखीव कसला. आणि लॅमिनेटची आणखी एक भानगड आहे, तो जळायलाही लागत नाही. धुराचा वास बसला तरी त्यात खायची वस्तू कोण भरणार. सर्व्हेअरला रोल साबूत दिसतो आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. यावर वाद होतोच असं काका म्हणतात, म्हणून दोघा गिऱ्हाइकांकडून त्यांच्या खरेदीच्या अटी लेखी घेऊन ठेवल्यात, त्यात वास असलेला माल नापास असं स्पष्ट लिहिलंय.

तर राखीव रोल पालद्याला एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये एक कोपरा भाड्याने घेऊन ठेवले. आणि पहिला फोन काकांना, हा पत्ता पण जोडा! आता पॉलिसी दोन्ही पत्त्यांवर फ्लोटर आहे, एकूण रक्कम 1 कोटी 6 लाख, माल इकडून तिकडे गेला तरी चालतो. एकच पथ्य, दोन्ही पत्ते पॉलिसीत लिहिलेले हवेत. सियागंजावरून एवढं शिकले.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी घरात जाहीर केलं की आज देवास नाक्याचं गोडाऊन जळालंय. तिकडे कुणी जायचं नाही, तिथला फोन नाही, संगणक नाही, आणि संध्याकाळपर्यंत तीन मोठ्या गिऱ्हाइकांना एकेक गाडी माल निघाला पाहिजे. बाबा म्हणाले, "अभद्र बोलू नकोस गं," आणि पोह्यांची ताटली घेऊन आत गेले. मुनीमजींना घरी बोलावलेलं.

टॅलीचा बॅकअप रोज रात्री घरच्या लॅपटॉपवर येतो, तो उघडला. उघडला पण त्यात गुरुवारपर्यंतच्याच नोंदी, कारण शुक्रवारी नेट नव्हतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बरं. बिल बनवलं. ई-वे बिलाला गेलो तर पासवर्ड कुणालाच आठवेना, तो गोडाऊनच्या संगणकात सेव्ह केलेला. नवा काढला, तर ओटीपी ज्या नंबरवर गेला तो फोन गोडाऊनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. आता तो तर जळालेला! दीर म्हणाला मी पटकन घेऊन येतो, मी म्हटलं नाही. मग दुसऱ्या लॉगिनने तास घालवला. पुढे ट्रकवाल्याला पत्ता विचारला तर एका गिऱ्हाइकाचा माल बिलाच्या पत्त्यावर उतरतच नाही, मागच्या गल्लीत दुसऱ्या शेडवर उतरतो, आणि ते मुनीमजींच्या लाल वहीत लिहिलेलं. लाल वही कुठे? मुनीमजी माझ्याकडे बघून हसले, बोटाने देवास नाक्याची दिशा दाखवली.

पालद्याहून पहिली गाडी चार चाळीसला निघाली, दुसरी साडेसहाला. त्या रात्री मी लाल वहीच्या चौऱ्याऐंशी पानांचे फोटो काढले, ओटीपीचा नंबर माझ्या फोनवर घेतला, आणि कपाटाला आतून एक कागद चिकटवला: आधी बंब, मग चौकी, मग त्याच दिवशी कंपनीला कळवणं, सर्व्हेअर येईपर्यंत राडारोडा हलवायचा नाही, ओला आणि कोरडा माल मात्र वेगळा करायचा, फोटो काढून.

तिसरी गाडी निघालीच नाही. त्या गिऱ्हाइकाचं सहा रंगांचं पाकीट आहे, राखीव रोल दिवाळीतच संपलेले, आणि त्याचे सहाच्या सहा सिलिंडर त्या अडकलेल्या नवांत आहेत. नव्यांना पैसे लागतील, तो म्हणतो अर्धे तुम्ही भरा, आम्ही म्हणतो बिल आमच्या नावाने झालं तर भरू. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.